विसाराचा पैसा आणि अस्मानी

दिलेला शब्द पाळावा, हे तत्त्व शिकविण्यास कोणत्याही शाळेची गरज पडत नाही. परंतु शब्द देणारा आणि शब्द घेणारा या दोघांच्या मध्ये तिसराच कोणी उभा राहिला, आणि तो तिसरा म्हणजे प्रत्यक्ष आकाश असले, तर त्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. आपल्या पूर्वजांनी अशा प्रसंगासाठी एक जोडशब्द करून ठेवला आहे: अस्मानी-सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही अस्मानी. लष्कराची चाल, जप्ती, सरकारी हुकूम ही सुलतानी. ज्याला फ्रेंच नावाने ‘फोर्स मॅज्यूर’ म्हणतात आणि ज्यावर आजचे वकील पानेच्या पाने लिहितात, ती कल्पना या जोडशब्दात जवळजवळ पूर्ण सामावलेली आहे. माणसाच्या हाताबाहेरची शक्ती, मग ती वरून आलेली असो वा राजद्वारातून. ही शक्ती माणसाला वचनातून सोडवते हे आपण सहज मान्य करतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती वचनातून सोडवते, म्हणून हातात आलेला पैसाही त्याचा होतो काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो धाराशिव जिल्ह्यातील पुरावरून. सप्टेंबर २०२५ च्या तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात त्या जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्याने परंडा व भूम तालुक्यांत गावेच्या गावे वेढली. हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचीच भीती बाळगली, त्याला पुराची सवय नव्हती. त्याच जिल्ह्यात वाशी तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर तेरखेडा नावाचे गाव आहे. शोभेच्या दारूचे, म्हणजे फटाक्यांचे काम करणारे गाव म्हणून त्याची ख्याती. तेरणा नदीचा उगमही त्याच परिसरातला. उगमापाशी नदी म्हणजे ओढाच असतो, आणि ओढ्याच्या काठी बांधकाम करताना माणूस फारसा विचार करीत नाही.

आता वाचकांनी एक प्रसंग आमच्यासह कल्पावा. तो घडला असे आम्ही म्हणत नाही; पण तेरखेड्यात किंवा त्याच्या आसपास तो घडण्यास काहीच अडचण नाही. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, आणि कार्यालये मात्र पावसाळ्यातच ठरवून ठेवावी लागतात. तेव्हा एका शेतकरी गृहस्थाने मुलीच्या लग्नासाठी जुलै महिन्यात गावातील एक मंगल कार्यालय ठरविले. भाडे ऐंशी हजार रुपये, त्यापैकी पन्नास हजार विसार म्हणून दिले, पावती घेतली. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पावतीच्या तळाशी, नेहमीप्रमाणे बारीक अक्षरांत, ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापलेले. सप्टेंबरच्या त्या रात्री ओढा फुगला, कार्यालयाची मागची भिंत पडली, छपराचे खांब कलले आणि पाया खचला. डिसेंबरपर्यंत ते उभे राहणे शक्य नाही. मालक म्हणतो, ‘मी काय करू? देवाने केले.’ गृहस्थ म्हणतो, ‘मान्य आहे. माझे पन्नास हजार द्या.’ मालक पावतीवर बोट ठेवतो.

दोघेही निर्दोष आहेत, आणि म्हणूनच हा वाद विचार करण्याजोगा आहे. एकाने फसविले असते तर उत्तर सोपे होते.

इंग्रजी न्यायशास्त्राची या बाबतीतील जुनी भूमिका फार कठोर होती. १६४७ च्या पॅरडाइन विरुद्ध जेन या खटल्यात एका कुळाने सांगितले की, यादवी युद्धात राजपक्षाच्या सैन्याने जमीन व्यापली, आपल्याला हाकलून दिले, तेव्हा त्या काळाचा खंड आपण का द्यावा? न्यायालय म्हणाले, द्यावाच लागेल. तुला सुलतानीची भीती होती तर करारातच तशी अट घालावयाची होतीस. म्हणजे वचन निरपवाद, आणि अपवाद हवा असेल तर तो आधी लिहून ठेवा. सत्यासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांना मुकणाऱ्या हरिश्चंद्राची कथा ज्यांच्या कानावर लहानपणी पडली आहे, त्यांना या भूमिकेतील भव्यता कळेल. पण हरिश्चंद्राने स्वतःला विकले. डोंबाऱ्याच्या पोराने वा कार्यालयाच्या मालकाने तसेच करावे, असा कायदा करता येत नाही.

ही कठोरता मोडली ती एका सभागृहाच्याच खटल्यात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. लंडनमधील सरे गार्डन्स व तेथील संगीतगृह १८६१ च्या उन्हाळ्यात चार दिवसांसाठी, दर दिवसास शंभर पौंडांप्रमाणे, टेलर नावाच्या गृहस्थाने जलशांसाठी ठरविले. पहिला जलसा १७ जूनला होता. ११ जूनला संगीतगृह आगीत भस्म झाले. कोणाचाही दोष नव्हता. टेलरने जाहिरातींचा व तयारीचा खर्च मागितला. १८६३ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निर्णय दिला की, या कराराच्या मुळाशीच एक न बोललेली अट आहे: ती वास्तू अस्तित्वात असेल तर. वास्तू गेली, अट गेली, दोघेही मोकळे. मालकाने नुकसानभरपाई देऊ नये, टेलरने भाडे देऊ नये. आमच्या तेरखेड्याच्या कार्यालयास हा निर्णय अगदी मापून बेतल्यासारखा बसतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये हेच तत्त्व आहे: करार झाल्यानंतर एखादे कृत्य अशक्य झाले, आणि ते वचन देणाऱ्याला टाळता न येण्यासारख्या घटनेमुळे झाले, तर करार त्या क्षणी शून्य होतो. म्हणून मुलीचा बाप ‘दुसरे कार्यालय महाग पडले, तो फरक द्या’ असे मालकास म्हणू शकणार नाही. अस्मानीने मालकाला वचनातून सोडविले आहे.

परंतु टेलरच्या खटल्यात आगाऊ पैशाचा प्रश्न आला नव्हता. तो आला चाळीस वर्षांनी. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाची मिरवणूक जून १९०२ मध्ये निघावयाची होती. ती पाहण्यासाठी रस्त्यावरील खिडक्या व खोल्या लोकांनी भरमसाट भाड्याने घेतल्या. राजा आजारी पडला आणि मिरवणूक रद्द झाली. चँडलर नावाच्या गृहस्थाने एकशे एकेचाळीस पौंड पंधरा शिलिंगांस खोली ठरविली होती व त्यापैकी शंभर पौंड दिले होते. त्याने ते परत मागितले. १९०४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, करार संपला तो मिरवणूक रद्द झाली त्या क्षणापासून. त्यापूर्वी जे दिले ते दिले, आणि जे देणे झाले होते तेही द्यावेच लागेल. शंभर पौंड तर गेलेच, वर एकेचाळीस पौंड पंधरा शिलिंग भरावे लागले. नुकसान जेथे पडले तेथेच पडू द्यावे, असा हा न्याय. पाहू गेल्यास तो न्याय नव्हेच. तो फाशांचा खेळ आहे. कोणी आधी पैसे दिले व कोणी नाही, एवढ्यावरच सारे ठरते. ही चूक इंग्लंडच्या लॉर्डसभेने १९४२ मध्ये दुरुस्त केली. एका पोलिश कंपनीने इंग्लंडमध्ये यंत्रे मागवून हजार पौंड आगाऊ दिले होते. युद्धामुळे यंत्रे पाठविणे अशक्य झाले. ज्या पैशाच्या मोबदल्यात काहीच मिळाले नाही तो परत केला पाहिजे, असे ठरले.

आता आपल्या कायद्याकडे वळू. कलम ६५ म्हणते की, करार शून्य झाला असता त्या करारान्वये ज्याला काही लाभ झाला असेल, त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. त्या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी स्वतःच एक उदाहरण दिले आहे. एका गायकाने जलशात गाण्याचे हजार रुपये आगाऊ घेतले. पुढे तो इतका आजारी पडला की गाता येईना. जलसा ठेवणाऱ्याचा जो नफा बुडाला तो गायकाने भरून देण्याचे कारण नाही. परंतु ते हजार रुपये मात्र त्याने परत केलेच पाहिजेत. इंग्लंडला जे सत्तर वर्षांनी उमगले ते आपल्याकडे १८७२ मध्येच लिहून ठेवलेले होते. गायकाच्या जागी कार्यालय ठेवा, आजाराच्या जागी पूर ठेवा: मालकाने महागड्या कार्यालयाचा फरक देऊ नये, पण पन्नास हजार परत द्यावेत. आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या एका उदाहरणात आहे. अस्मानी वचनातून सोडवते; दुसऱ्याचा पैसा आपला करून देत नाही.

मग पावतीवरच्या त्या बारीक अक्षरांचे काय? करारात आपत्तीचा विचार आधीच करून ठेवला असेल, तर न्यायालय प्रथम तो करार वाचते. जेथे तो गप्प असेल तेथेच कलम ५६ बोलू लागते. म्हणून पावती नीट वाचली पाहिजे. ‘रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य सामान्यतः गिऱ्हाइकाने बेत फिरविला तर काय, याचे उत्तर असते. कार्यालयच देता आले नाही तर काय, याविषयी ते काही सांगत नाही, असे म्हणण्यास भरपूर जागा आहे. ‘पूर, आग, भूकंप यांमुळे कार्यालय देता न आल्यास’ असे स्पष्ट शब्द असते तर मालकाची बाजू बळकट झाली असती. आणि तरीही, सारा तोटा एकाच बाजूवर ढकलणारी अशी अट न्याय्य आहे काय, हा प्रश्न २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली विचारता येतोच, कारण त्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना मान्य केली आहे. आमची सूचना एवढीच की, विसार देतानाच पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी: नैसर्गिक आपत्तीने किंवा सरकारी हुकमाने कार्यालय मिळाले नाही तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. त्या ओळीस शाई लागते तेवढीच. ती नसेल तर वकील लागतो.

येथवर मालकाचे संकट खरे आहे असे आपण धरून चाललो. परंतु अस्मानीचे नाव जितके खरेपणाने घेतले जाते तितकेच सोयीनेही घेतले जाते, आणि न्यायाची खरी परीक्षा तेथे आहे. समजा, भिंत पडली नाही. केवळ हातभर गाळ साचला, विजेच्या तारा भिजल्या, फरशी उखडली. पूर सप्टेंबरात, लग्न डिसेंबरात. मध्ये दोन महिन्यांहून अधिक काळ आहे. गाळ काढणे, वीजजोडणी तपासून घेणे, फरशी बसविणे हे तीन-चार आठवड्यांचे काम असेल, तर करार जिवंत आहे. दुरुस्तीला भाड्याहून अधिक खर्च येईल, हे उत्तर चालणार नाही. महाग होणे आणि अशक्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

या संदर्भात १९५३ चा सत्यव्रत घोष यांचा खटला मोठा बोधप्रद आहे. कलकत्त्याच्या एका कंपनीने वसाहतीतील जमिनीचे तुकडे विसार घेऊन विकण्याचा करार केला. युद्धकाळात सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली. कंपनीने म्हटले, करार निष्फळ झाला, विसार परत घ्या. विसार होता एकशे एक रुपयाचा. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ अक्षरशः अशक्य असाच घ्यावयाचा नाही. कराराचा पायाच उखडला गेला असेल तर ते पुरे. परंतु तात्पुरत्या अडचणीने पाया उखडत नाही. म्हणजे विसार परत करण्याची तयारी हे नेहमीच सज्जनतेचे लक्षण नसते. कधीकधी तो वचनातून निसटण्याचा मार्ग असतो. दिवाळीनंतर कार्यालयांची टंचाई पडली, भाव वाढले, आणि मालकाने गाळाकडे बोट दाखवून जुन्या गिऱ्हाइकाचा विसार परत केला व नव्याकडून दीडपट घेतले, तर ती अस्मानी नव्हे. हे ओळखण्याची खूणही साधी आहे: त्याच आठवड्यात त्याच कार्यालयात दुसऱ्या कोणाचे लग्न लागले काय?

तसेच, मालकाची दोन कार्यालये असून एक बुडाले, आणि उरलेल्यात कोणाला घ्यावयाचे हे त्याने ठरविले, तर? येथे १९३५ चा प्रिव्ही कौन्सिलचा एक निर्णय आठवतो. मासेमारी करणाऱ्या एका कंपनीने पाच जहाजांसाठी परवाने मागितले. सरकारने तीनच दिले. कंपनीने ते आपल्या आवडीच्या तीन जहाजांना लावले, आणि भाड्याने घेतलेल्या चौथ्या जहाजाच्या मालकास सांगितले की, परवाना नाही, करार संपला. न्यायाधीश म्हणाले, परवाना कोणाला द्यावयाचा ही निवड तुमची होती. ज्यात तुमची निवड आहे ते दैव नव्हे. अर्थात आमच्या गृहस्थाची पावती बुडालेल्याच कार्यालयाची असेल, तर दुसरे मिळण्याचा त्याला हक्क नाही. पण पावतीवर ‘आमच्या कार्यालयांपैकी एक’ असे असेल, तर हा निर्णय त्याच्या बाजूने उभा राहतो. ज्याने ओढ्याचे पात्र बुजवून, पाण्याची वाट अडवून कार्यालय बांधले, त्यानेही ‘टाळता न येणारी घटना’ हे शब्द उच्चारताना थोडे थांबावे.

सुलतानीचा प्रकारही येथे संभवतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये सरकारला आपद्ग्रस्तांच्या सोयीसाठी इमारती ताब्यात घेता येतात आणि त्याबद्दल भरपाई देण्याची तरतूदही आहे. कार्यालय निवाऱ्यासाठी घेतले आणि लग्नाच्या दिवशी ते रिकामे झालेले नसेल, तर मालक सुटला. मात्र सरकारची भरपाईही घ्यावयाची आणि विसारही ठेवावयाचा, हे दोन्ही हातांनी जेवण्यासारखे होईल.

आता पारडे उलटे करून पाहू. कार्यालय उंचावर आहे, सुरक्षित आहे. पण मुलीच्या बापाचे सोयाबीन पाण्यात कुजले, जमीन खरवडून गेली, आणि त्याच्याजवळ उरलेले तीस हजार देण्यास पैसा नाही. तो म्हणतो, मलाही अस्मानीनेच गाठले. हृदय त्याच्या बाजूने आहे, कायदा नाही. कार्यालय देणे व भाडे देणे यांपैकी काहीही अशक्य झालेले नाही. त्याचे दारिद्र्य ही त्याची आपत्ती आहे, कराराची नव्हे. त्याला लग्न घरच्या अंगणात करावयाचे असेल तर तो बेत फिरविणारा ठरतो. तथापि तेथेही मालकाला मोकळे रान नाही. विसार म्हणून नाव दिले, तरी भाड्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम सरसकट जप्त करता येईल असे नाही. कलम ७४ खाली वाजवी भरपाईपुरतेच तो ठेवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. दोन महिने आधी सांगितले, मुहूर्ताचा दिवस, दुसरे गिऱ्हाईक त्याच भाड्याने मिळाले. मग मालकाचे नुकसान ते काय झाले? म्हणून अशा गृहस्थाने गप्प बसू नये. जितक्या लवकर लेखी कळवावे तितका त्याचा पैसा वाचण्याची शक्यता अधिक.

लवकर कळविण्याचे हे महत्त्व दोन्ही बाजूंस सारखेच आहे, आणि आपल्या धर्मशास्त्रालाही ते माहीत होते. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीविषयी नियम आहे की, राजा, दैव किंवा चोर यांमुळे ठेव गेली तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. अस्मानी-सुलतानीचेच हे संस्कृत रूप. पण लगेच पुढे म्हटले आहे की, मालकाने मागितली असता दिली नाही आणि नंतर ती गेली, तर त्याने भरून द्यावी, व तितकाच दंडही द्यावा. दैवाचे संरक्षण तत्पर माणसाला आहे, चालढकल करणाऱ्याला नाही. पूर ओसरताच ज्याने महसूल खात्याचा पंचनामा करून घेतला, छायाचित्रे काढली आणि आठवड्याच्या आत गिऱ्हाइकांना कळविले, त्याचे म्हणणे न्यायालयही ऐकेल आणि शेजारीही. नोव्हेंबरअखेर ‘बघू, करू’ म्हणत राहिलेल्याचे कोणी ऐकू नये.

एक शंका मात्र आम्हांस कायद्याने पुरती सोडविलेली दिसत नाही. पहिल्या उदाहरणातील मालकाने त्या पन्नास हजारांतून या लग्नासाठीच खास काही खर्च केला असेल, नवा मांडव घेतला असेल, आणि तोही पुरात गेला असेल, तर संपूर्ण रक्कम परत देताना तो दुहेरी बुडतो. इंग्लंडने १९४३ मध्ये कायदा करून अशा खर्चापुरती रक्कम ठेवू देण्याचा अधिकार न्यायालयास दिला. आपल्या कायद्यात तसे स्पष्ट कलम नाही. आपले कलम लाभ परत करा म्हणते, आणि पुरात वाहून गेलेला मांडव हा लाभ कोणाचा, हे सांगत नाही. येथे कायदा संपतो आणि विवेक सुरू होतो. आमच्या मते त्या गृहस्थाने पावत्या पाहून अशा खऱ्या खर्चाचा अर्धा भाग सोडून द्यावा. न्यायालय भाग पाडील म्हणून नव्हे, तर नुकसान दोघांचे आहे आणि दोष कोणाचाच नाही म्हणून. उलट मालकाने बाकीची रक्कम मागण्याची वाट न पाहता घरी नेऊन द्यावी. मुलीचे लग्न तोंडावर आहे. त्या पैशातूनच दुसरे कार्यालय ठरावयाचे आहे.